सरांचे दोन्ही पाय

सर बाथरूमच्या फरशीवर आपटले आणि पडल्यापडल्या निदान करून मोकळेही झाले. डावा खुबा. मांडीच्या हाडाची मान, खुब्यात बसणाऱ्या गोळ्याच्या जरा खाली. आयुष्यभर दुसऱ्यांचे खुबे ठोकूनठाकून बसवणाऱ्या माणसाला स्वतःचा मोडलेला कळायला एक्स-रे कशाला लागतोय?

बेसिनला धरून ते उठले. उठता आलं म्हणजे हाड सरकलेलं नाही, गोळा मानेवर रुतून बसलाय. सरकलं असतं तर पाय आखूड झाला असता आणि पाऊल भोपळ्यासारखं बाहेर लोळलं असतं. सरांनी आपल्या पावलाकडे पाहिलं. पाऊल शहाण्यासारखं सरळ होतं.

"वा रे पठ्ठ्या," सर पावलाला म्हणाले. "असाच राहा. आवाज करू नकोस."

बाहेरच्या खोलीत हेडबाई बसल्या होत्या. हेडबाई म्हणजे सरांची बायको. एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, तेव्हापासून सगळे त्यांना तेच म्हणायचे, सरही. आता शाळा आठवायची, कालचा दिवस आठवायचा नाही. मुलगा कधी ओळखू यायचा, कधी नळ दुरुस्त करणारा वाटायचा. सर मात्र रोज ओळखू यायचे. आणि जेवण फक्त सरांच्या हातून. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की ओठ घट्ट मिटायचे, जणू शाळेचं गेट बंद झालं.

मागच्या वेळी सर जिन्यात घसरले होते, नुसता मुका मार. पण त्या दिवशी चिरंजीवांनी बापाला समोर बसवून तह केला होता. "बाबा, परत पडलात आणि काही मोडलं, तर आईला त्या वृद्धांच्या संस्थेत ठेवायचं. तिथे माणसं आहेत, नर्स आहेत. तुमच्याच्यानं आता होत नाही. कबूल?" आणि सर, मस्करीत का होईना, म्हणाले होते, "कबूल. मोडलं तर."

तो 'मोडलं तर' आता सरांच्या डाव्या खुब्यात जाऊन बसला होता.

नेमके चिरंजीव त्याच सकाळी टपकले. बाप भिंतीला धरून चालतोय हे दारातूनच पाहिलं आणि चावी खिशात टाकायच्या आत गाडी परत काढली. शेजारच्या वहिनी हेडबाईंजवळ बसल्या. "दुपारी मला कामावर जायचंय हं, सर," त्या म्हणाल्या. "जेवायच्या वेळेपर्यंत या."

"जेवायला येतोच," सर म्हणाले. "नुसता मुका मार आहे."

*

कॅज्युअल्टीत ट्रॉली सरकली आणि सरांचा जीव अर्धा झाला, दुखण्यानं नाही, तिथे कोण उभं होतं ते पाहून. टाचणी!

टाचणी म्हणजे सरांची जुनी विद्यार्थिनी. कॉलेजात असताना अंगानं काडी आणि प्रश्न असे विचारायची की बसल्या जागी टोचायचे, म्हणून सरांनीच नाव ठेवलं होतं. आता केस पिकत आलेले, चष्मा नाकावर, आणि अख्खी कॅज्युअल्टी तिच्या एका भुवईवर चालायची. ते जुनं नाव घ्यायची हिंमत असलेला माणूस एकच, आणि तो ट्रॉलीवर आडवा होता.

"सर? अहो, काय केलंत हे?"

"काही नाही गं टाचणे. बाथरूमनं पाया पडायला लावलं. चिरंजीवांना हौस, म्हणून आलो. एक फोटो काढ, नॉर्मल म्हण, आणि सोड. घरी जेवण थांबलंय."

"बघू या की."

बघू या की! हे तीन शब्द त्यांनीच तिला शिकवले होते. नातेवाईक घाई करायला लागले की म्हणायचे.

तिनं पांघरूण बाजूला केलं. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून मापून पाहिले. सारखे. मग बोलता बोलता टाचेवर मूठ अलगद ठोकली. "मॅडम कशा आहेत, सर?"

खुब्यात वीज कडाडली. सर मोठ्यानं हसले. वेदना आली की हसायचं, हे त्यांनी गाडीतच ठरवून ठेवलं होतं. "हेडबाई? अगदी मजेत! काल मला वर्गाबाहेर उभं केलं!"

टाचणी हसली नाही. "डावा पाय सरळ वर उचला बरं."

"मी काय सर्कशीत आहे का?"

"थोडासाच."

"थोडासा काय, नाही उचलत. भूक लागल्याशिवाय माझा पाय हलत नाही. फोटो काढ आधी."

"बाबा, ऐका ना त्यांचं," चिरंजीव पायथ्याशी उभं राहून म्हणाले. भला माणूस. इंजिनिअर. कारखान्यातला बॉयलर कुरकुरला की त्याला कळतं, बाप कुरकुरला की कळत नाही. "डॉक्टर, काही मोडलं असतं तर बाबांना लगेच कळलं असतं. ते स्वतः यातले..."

"हो ना," टाचणी म्हणाली. "त्यांना लगेच कळलं असतं." आणि ती सरांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

*

एक्स-रेच्या खोलीत मात्र सरांना हुरूप आला. हे मैदान त्यांचं होतं.

खुब्याचा फोटो नीट यायचा तर दोन्ही पाय आत वळवावे लागतात, अंगठे एकमेकांकडे. का, तर मांडीच्या हाडाची मान मुळातच जरा पुढे झुकलेली असते. पाय आत वळवले की ती फोटोत पूर्ण लांबीची, आडवी पसरून दिसते. पाय बाहेर पडलेला असला की मान आखडते, बाजूचा मोठा उंचवटा तिच्यावर चढून बसतो आणि बारीक भेग त्यामागे लपून जाते. हे सर वर्षानुवर्षं पोरांना ओरडून सांगत आले होते. आज त्यांना पहिल्यांदा त्याची चांगली बाजू दिसली.

"काका, पाय असे आत करता येतील?" एक्स-रेवाल्या बाईंनी विचारलं. नवीन होत्या, सरांना ओळखत नव्हत्या. देव पावला.

"आई गं! नको, नको. राहू द्या तसाच."

बाईंनी लगेच हात काढला. बरोबरच केलं. मोडल्याचा संशय असला की जोर लावून पाय फिरवायचा नसतो. सर हे गृहीत धरूनच ओरडले होते. डावं पाऊल त्यांनी हळूच बाहेर सोडून दिलं. दात ओठावर, ओठ हसरे.

आणि आता खरी करामत. नुसतं डावं पाऊल बाहेर दिसलं तर कुणीही म्हणेल, एकच का? म्हणून सरांनी धडधाकट उजवं पाऊलही तितकंच बाहेर टाकलं. फोटो वाचणारा नेहमी दोन बाजू ताडून बघतो. दोन्ही सारख्याच वाकड्या असल्या की कुणाला काय दिसणार? म्हातारा बदकासारखा चालतो म्हणतील, झालं.

"माझे पाय जन्माचेच असे आहेत," सर म्हणाले.

"असू द्या, काका. आता बाजूनं एक घेऊ. हा चांगला पाय वर उचलून त्या आधारावर ठेवायचाय, म्हणजे खालून आडवा फोटो निघेल."

"तो कसला उचलतोय! गुडघ्याचा दगड झालाय त्याच्या. पुढून काढलात ना? बास."

बाईंनी कागदावर लिहिलं, बाजूचा फोटो जमला नाही. सर छताकडे बघत पडून राहिले. छताला लावलेलं मशीन त्यांच्याकडे वाकून बघत होतं, कॉपी करणाऱ्या मुलाकडे सुपरवायझरनं बघावं तसं. काय करतोयस तू, सर स्वतःला म्हणाले. घरी जायचं, खुर्चीत बसायचं, महिनाभर कमी चालायचं. रुतलेलं हाड कधीकधी रुतलेलंच जुळतं. कधीकधी. आणि कधीकधी एका चुकीच्या पावलाला गोळा निसटतो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, तो आतल्या आत मरतो, आणि मग दोन-तीन स्क्रूंवर भागलं असतं तिथे अख्खा नवा गोळा बसवावा लागतो. हे 'कधीकधी' किती वेळा, ते सरांना पाठ होतं. म्हणूनच त्यांनी ते आठवायचं टाळलं.

*

फोटो आला. चाकांवरच्या स्टँडवर एक मोठा स्क्रीन होता. टाचणीनं तो ट्रॉलीच्या पायथ्याशी ओढून आणला, सरांना दिसेल असा. मुद्दाम, हे सरांनी ओळखलं.

चिरंजीव पुढे सरसावले. "मोडलंय का?"

"हे तुमच्या बाबांनाच विचारू," ती म्हणाली. "सर, तुम्ही वाचा. बऱ्याच दिवसांनी तुमचा क्लास."

सरांनी घसा साफ केला. "हं. हे बघ बाळा," ते मुलाला म्हणाले, "ही वरची, कमरेच्या पुढच्या हाडाची कमान. तिच्या खालच्या कडेवरून बोट फिरवत बाहेर ये. हां. तीच रेघ पुढे मांडीच्या हाडाच्या मानेच्या आतल्या कडेवर अलगद उतरायला हवी. पुलाच्या कमानीसारखी, कुठे खटका नाही. हिला शेंटनची रेघ म्हणतात. मान मोडून सरकली की इथे पायरी पडते. आहे का पायरी?"

चिरंजीवांनी स्क्रीनला नाक लावलं. "नाही. एकदम गोल आहे."

"उजवीकडे बघ. तिकडे?"

"तशीच."

"मग झालं तर! ऊठ, गाडी काढ."

चिरंजीवांच्या खांद्यांवरून मणभर ओझं उतरलेलं दिसलं. सरांना आत कुठेतरी टोचलं, पण ते टोचणं खुब्यातलं समजून त्यांनी दुर्लक्ष केलं.

टाचणी मात्र जागची हलली नव्हती. तिनं पेनाचं टोपण स्क्रीनवर टेकवलं, रेघेवर नाही, मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला, जिथे एक बारकंसं टेंगूळ असतं. "सर, हे छोटं टेंगूळ केवढं बाहेर आलंय बघा. डावीकडे. आणि उजवीकडे पण."

"म्हातारपणी टेंगळं येतात."

"पाय बाहेर वळलेला असला की हे टेंगूळ मोठं दिसतं. तुम्हीच शिकवलंत. इथे दोन्ही पाय बाहेर वळलेत. दोन्ही माना आखडल्यात. मोठा उंचवटा मानेवर चढलाय." तिनं टोपण खाली केलं. "एक पाय बाहेर पडलेला मी रोज बघते, सर. दोन्ही पाय मोजून सारखे बाहेर टाकणारा पेशंट मी पहिल्यांदाच बघतेय."

सरांना ट्रॉलीचे कठडे एकदम उंच झाल्यासारखे वाटले.

"आणि बाजूचा फोटो नाही," ती म्हणाली. "का तर चांगला गुडघा वाकत नाही. मागच्याच महिन्यात तुम्ही निरोप समारंभाला आला होतात. मांडी घालून खाली बसला होतात."

"म्हणजे काय?" चिरंजीव एकदा बापाकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. "रेघ तर गोल आहे ना?"

"रेघ गोल आहे. पण ती एकटीच रेघ नाही. बाकीच्या बघायला हा फोटोच धड नाही. अर्धवट फोटो म्हणजे नॉर्मल फोटो नव्हे." तिनं शेवटचं वाक्य सरांकडे बघून म्हटलं.

सरांनी डाव बदलला. "ठीक आहे. तुला पटत नाही ना? मी चालून दाखवतो." त्यांनी कठड्याची खिट्टी काढली आणि उजवा पाय खाली सोडला.

"दाखवा," टाचणी म्हणाली.

सरांना हे अपेक्षित नव्हतं. ती अडवेल असं वाटलं होतं. ते थांबले.

"दाखवा की, सर. थांबलात का?"

"चप्पल दे."

"चपलेशिवाय चाला. चार पावलं. मी हात लावणार नाही."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. पेशंटांच्या थापा पकडण्यात हयात गेलेला माणूस समोरच्याची थापही ओळखतो, पण ओळखून फायदा काय, ती थाप निघाली नाही तर? सरांनी दात आवळले आणि डावं पाऊल फरशीकडे नेलं. अंगठा टेकला. वजन द्यायला सुरुवात केली मात्र...

"नाही!" टाचणीनं झडप घालून त्यांची मांडी खालून धरली, दोन्ही हातांनी, तान्ह्या बाळाचं डोकं धरावं तशी. चष्मा खाली पडला. "काय माणूस आहात तुम्ही! खरंच टेकवणार होतात? निसटलं असतं म्हणजे?"

अख्खी कॅज्युअल्टी वळून बघायला लागली. पलीकडचा प्लास्टरवाला हातात ओली पट्टी घेऊन तसाच उभा राहिला.

"बघ," सर धापा टाकत म्हणाले, "तुला खात्री आहे तर. फोटोत काही नसताना."

"हो, आहे. आणि तुम्हालाही आहे. सकाळपासून." तिनं पाय हळूहळू ट्रॉलीवर परत ठेवला, कठडा वर केला, खिट्टी लावली. मग चष्मा उचलून चिरंजीवांना म्हणाली, "तुम्ही जरा खाली जाऊन केसपेपर करून या. रांग असेल."

*

चिरंजीव गेले. टाचणीनं पडदा ओढला. आता सर, पडदा आणि टाचणी. कुठे पळणार?

"मी नको म्हणालो तर तू फोटो काढू शकत नाहीस," सर म्हणाले.

"नाही काढू शकत. तुम्ही शुद्धीवर आहात, शहाणे आहात. म्हणजे, शुद्धीवर आहात. सही करा, मी सोडते."

"सोडशील?"

"सोडेन. पण का, ते सांगून जा."

सर पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं. तह, संस्था, मिटलेले ओठ, दुपारी कामावर जाणाऱ्या शेजारच्या वहिनी. सांगताना एकही विनोद सुचला नाही, याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. "तिकडे नळी घालतील गं तिला. खात नाही म्हटल्यावर काय करणार ते तरी? नाकातून नळी. ती ओढून काढेल, मग हात बांधतील. मी पाहिलंय असं. माझ्याच वॉर्डात पाहिलंय आणि सही करून पुढे गेलोय."

टाचणी स्टूल ओढून बसली. सांत्वन केलं नाही. सर मनात म्हणाले, शाबास.

"समजा सोडलं तुम्हाला," ती म्हणाली. "घरी गेलात. मॅडमना खुर्चीतून उठवायला हात दिलात. त्यांचं वजन?"

सरांनी डाव्या मांडीवर हात ठेवला.

"डाव्या पायावर भार आला आणि निसटलं. तुम्ही खाली, मॅडम तुमच्यावर. वहिनी कामावर. फोन कुठे?"

"टेबलावर," सर पुटपुटले.

"आता दुसरं. आज धड फोटो काढला. रुतलेलं निघालं, सरकलेलं नाही. उद्या स्क्रू. परवा तुम्ही वॉकर घेऊन उभे. चिरंजीवांशी भांडायला तरी उभे असाल. आडवं पडून तह मोडता येत नाही, सर."

सर पुरते अडकले होते. सगळीकडून बंद. पुढे टाचणी, मागे तह, खाली फरशी. आणि बाहेर पडायची एकच वाट होती, तीही नेमकी खुब्यातून जाणारी.

"दुखेल," ते म्हणाले.

"आधी औषध देते शिरेतून. मग पाय मी वळवेन, अगदी हळू. तुम्ही म्हणाल तिथे थांबेन."

"तू हळू? टोचण्यात आयुष्य गेलं तुझं."

"नाव कुणी ठेवलं?"

*

टाचणीनं शिशाचा जड ॲप्रन चढवला आणि स्वतःच सरांच्या पायांशी उभी राहिली. औषध चढलं तसं छत जरा लांब गेलं. तिनं दोन्ही पावलं हातात घेतली आणि केसाकेसानं आत वळवली. सरांनी एकदा "थांब" म्हटलं, एकदा आईला हाक मारली, आणि मग चक्क हेडबाईंचं खरं नाव घेतलं. अंगठे एकमेकांकडे वळले. "काढा," ती म्हणाली. मग उजवा पाय उचलून आधारावर ठेवला. दगड झालेला गुडघा लोण्यासारखा वाकला. एक्स-रेवाल्या बाईंनी सरांकडे असं पाहिलं की सरांना मान वळवावी लागली.

पडद्यामागे परत तोच स्क्रीन. चिरंजीव केसपेपर घेऊन आले होते. टाचणी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात सर म्हणाले, "मी वाचतो."

तिनं पेन त्यांच्या हातात दिलं.

"शेंटनची रेघ," सर म्हणाले. आवाज वर्गातला, पण जरा खरखरीत. "आता पण जवळजवळ गोलच आहे. पायरी नाही. बाळा, मघाशी मी तुला एवढीच दाखवली. ही रेघ अख्खी असली म्हणजे हाड अख्खं, असं नसतं. गोळा वरून दाबला जाऊन मानेवर रुतला की ही रेघ तशीच राहते." पेन सरकलं. "म्हणून ही बाहेरची कड बघायची. गोळ्यापासून मानेवर उतरताना बाटलीच्या गळ्यासारखा सौम्य खळगा हवा. उजवीकडे आहे. डावीकडे बघ, टोकदार घडी पडलीये. आणि मानेवर आडवा हा पांढरा पट्टा. दोन्हीकडचं हाड एकमेकांत घुसलं की तिथे दाट दिसतं."

चिरंजीवांनी केसपेपर काखेत धरला आणि वाकून पाहिलं.

"आता हाडाच्या आतल्या बारीक रेषा. वजन पेलणाऱ्या. गोळ्यातून तिरक्या खाली येतात आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या काठाशी ठरावीक कोन करतात. उजवीकडे बघ, कललेल्या आहेत, हव्या तशा. डावीकडे जवळजवळ सरळ रेषेत उभ्या राहिल्यात. म्हणजे गोळा बाहेरच्या अंगाला कललाय." सरांनी पेनाचं टोपण लावलं. "बाजूच्या फोटोत मागे फारसा पडलेला नाही, ते एक बरंय. डाव्या मांडीच्या हाडाची मान मोडली आहे. रुतून बसली आहे. स्क्रू लागतील."

"पण बाबा, तुम्ही तर मघाशी म्हणालात..."

"खोटं बोललो."

चिरंजीव स्टुलावर बसले. रागावण्याचा प्रयत्न केला, जमला नाही. "आईसाठी?"

"मग काय तुझ्यासाठी?"

*

दुपारपर्यंत सर वॉर्डात पोचले होते. टाचणीनं जांघेजवळ सुई देऊन तो भाग बधिर करून टाकला होता. डावी मांडी आता कुणा दुसऱ्याची असावी तशी गादीवर पडून होती. दोन्ही बाजूंना कठडे, हाताला सलाइन, उशाला घंटी. नर्स येऊन सांगून गेली, "काका, उठायचं नाही हं. काही लागलं तर घंटी."

"उठणार कसा? पाय तुम्ही काढून घेतलात."

वहिनी कामावर गेल्या होत्या. घरी चिरंजीव होते. जेवणाची वेळ टळली होती. सर फोन छातीवर ठेवून पडले होते, आणि शेवटी तो थरथरला.

"बाबा, तोंडच उघडत नाही ती. अर्धा तास झाला. मला म्हणते, नळ झाला असेल तर निघा."

"ताट कुठे ठेवलंयस?"

"तिच्यासमोर. चमच्यात घेऊन तोंडाशी नेतो, की मान वळवते."

"चमचा ठेव. ताट दोघांच्या मधे घे. शेजारी बस, समोर नको. समोर बसलं की तिला परीक्षा वाटते."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बसलो. आता?"

सरांनी फोन तोंडाजवळ घेतला. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, टाचणीलाही नाही. "आता तिच्याकडे बघायचं नाही. खिडकीबाहेर बघ. आणि हळूच तिच्या ताटातून बटाट्याचा तुकडा चोर."

"काय?"

"चोर! खा. पकडलं जाशील असा चोर. चोरी नीट झाली तर उपयोग नाही."

"बाबा, मी पन्नाशीला आलोय."

"मग लवकर शिक. फोन टेबलावर ठेव, स्पीकर चालू राहू दे."

सर कान लावून ऐकत राहिले. पलीकडे शांतता. पंख्याचा आवाज. उजव्या टाचेनं ते नकळत गादी दाबत होते. एकदा वाटलं उठावं, आणि डावी मांडी जागची हलली नाही. नुसतं ऐकणं एवढंच उरलं होतं हातात.

मग चापट बसल्याचा आवाज आला. चांगली खणखणीत.

"डबा माझा आहे!" हेडबाईंचा आवाज. "लाज नाही वाटत? कुठल्या वर्गातला तू?"

सर फोनमध्ये कुजबुजले, "सातवी ब, सांग. सातवी ब!"

"सा... सातवी ब, बाई."

"हात पुढे कर. हं. आता गपचूप बस आणि मी खाईपर्यंत उठायचं नाही."

आणि मग खाण्याचा आवाज. हळूहळू, शिस्तीत, एकेक घास नीट चावून. सरांनी फोन कानाला आणखी घट्ट लावला. पलीकडे त्यांचा मुलगा जागेवरून उठायची परवानगी नसलेला, इकडे ते स्वतः.

नर्स उद्यासाठी उपाशी राहायची पाटी पलंगाला लावायला आली. "कुणाशी बोलताय, काका?"

सरांनी बोट ओठांवर ठेवलं.